ओमकारचा कॅच

भिसेगावच्या टीमचं फॅनपेज अबोली चालवायची. कळंबला हरवल्यावर मैदानाशेजारीच बसून तिने तीन पोस्टचा थ्रेड लिहायला घेतला. पहिल्या पोस्टमध्ये निकाल: भिसेगाव ६२, कळंब ५७. दुसरीत शेवटचा चेंडू. कळंबला षटकार हवा होता आणि ओमकारने सीमारेषेवर कॅच घेतला. तिसरीत तिने झोकात लिहिलं, ‘गरुडाची नजर, वाघाची झेप.’ मग लक्षात आलं, हे तर माइकवरच्या कॉमेंटेटरचं वाक्य. आकडे सगळ्यांचे, पण शब्द त्याचे. तिने ते खोडलं. पुन्हा लिहिलं, तरी बोटांतून तोच बोलत होता. मॅच आपण पाहिली की नुसती ऐकली, हेच तिला कळेना.

शेवटी तिने ओमकारलाच गाठलं. “चेंडू येताना कसा दिसला रे?”

“दिसलाच नाय ताई. तोंडावर ऊन होतं, मी डोळे मिटलेले. हातात कसा आला, मलाच नाय ठाऊक.”

“हे लिहू?”

“लिवा की. खोटं हाय का?”

तिसरी पोस्ट गेली: ‘त्या कॅचला ओमकारचे डोळे मिटलेले होते. तुमच्यापैकी कुणाचे उघडे होते?’

पहिलं उत्तर कॉमेंटेटरचं आलं. ‘माझेपण मिटलेले.’