तारखेची बाजू आत

"दादा, टायरचा फोटो पाठवलाय. जुनी गाडी घेतेय, बघ जरा," धाकट्या बहिणीचा फोन आला.

मी पाना खाली ठेवला आणि फोटोतलं वाचून दाखवलं. "१८५/६५ आर १५. रुंदी एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर, उंची तिच्या पासष्ट टक्के, रिम पंधरा इंची. पुढचा ८८ म्हणजे एक टायर पाचशे साठ किलो पेलतो. माप ठीक आहे."

"आणि बनलाय कधी?"

"DOT लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष."

"नाहीत रे. चारही टायर पाहिले."

ते आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात. फोटोत रिमजवळचा ओरखडा दिसला, हे टायर चढवताना माझ्याच हातून पडलेला. सोमवारी गाड्यांचा दलाल म्हणाला होता, तारखेची बाजू आत ठेव. मी मुकाट्याने ठेवली. घेणारा बघून घेईल, माझ्या बापाचं काय जातंय.

"घेऊ नकोस," मी म्हणालो. "टायर दोन हजार बाराचे आहेत, अकराव्या आठवड्यातले. वेगात फुटतील."



"दादा, फोटोत तर तारीख नाही. तुला कशी कळली?"