साडेतीन मापं

गुंजन उईकेला परीक्षेची भीती कधी वाटली नव्हती. तिला भीती वाटायची ती एकाच शब्दाची, आणि तो शब्द होता 'का'.

गेल्या वर्षी याच पिपरी मेघेच्या शाळेत, नववीच्याच वर्गात, बी.एड.च्या शेवटच्या पाठाला काळमेघ मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. गुंजनने फळ्यावर सूत्र लिहिलं: सूचीचं, म्हणजे पिरॅमिडचं, घनफळ हे तेवढाच तळ आणि तेवढीच उंची असलेल्या चितीच्या एक तृतीयांश. चिती म्हणजे वरपासून खालपर्यंत एकसारखा उभा ठोकळा. अक्षर सुरेख होतं, उदाहरणंही बरोबर आली. शेवटी मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "एक तृतीयांशच का? अर्धा का नाही?" गुंजनचा घसा जो बंद झाला तो घंटा होईपर्यंत उघडला नाही. चाळीस पोरांसमोर ती खांबासारखी उभी राहिली आणि नापास झाली.

यंदा परीक्षक म्हणून पुन्हा त्याच बाई आल्या होत्या.

कारंज्याकडच्या तिच्या गावात तिचा बाप, नत्थूबाबा, अजून जंगलाच्या कामावर जात होता. वर्षाच्या सुरुवातीला पोरीला बसमध्ये बसवून देताना तो एवढंच म्हणाला होता, "अजून एक वर्ष. मंग तेंदूपत्ता आहेच." त्यात राग नव्हता. म्हणूनच ते गुंजनच्या छातीत जाऊन बसलं होतं. आज पाठ फसला तर उन्हाळ्यात ती आपल्या आईबरोबर, म्हणजे सुंदराबरोबर, विडीसाठी तेंदूची पानं तोडायला जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तयारी तिने वर्षभर केली होती. एक तृतीयांश का, याचं उत्तर तिच्या पिशवीत होतं, पुठ्ठ्याचं आणि थर्माकोलचं. पण कॉलेजचे नीलेश सर सकाळी म्हणाले, "कापाकापीच्या भानगडीत पडू नका. ज्वारी भरून दाखवा. तीन मापांत डबा भरतो, पोरं खूश, परीक्षक खूश." गुंजनला हायसं वाटलं. ज्वारीला कोणी 'का' विचारत नाही. तिने पिशवी टेबलाखाली सरकवली.

काळमेघ मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. टेबलावर बारा सेंटिमीटरचा चौकोनी डबा होता, बारा लांब, बारा रुंद, बारा उंच. शेजारी गुंजनने सकाळीच घाईने कापून जोडलेली बिनतळाची पुठ्ठ्याची सूची होती. तिचा तळही बारा बाय बारा आणि, गुंजनच्या हिशोबाने, उंचीही बारा. ती उलटी धरायची, ज्वारी भरायची, सपाट करायची आणि डब्यात ओतायची.

"तीन मापं लागतील," गुंजन म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "रजत, ये. भर."

रजतने पहिलं माप ओतलं, मग दुसरं, मग तिसरं. वर्ग मोजत होता आणि 'तीन' म्हणताच सगळी पोरं डब्याकडे पाहू लागली.

डबा भरला नव्हता.

"मॅडम, अजून जागा हाये," रजत म्हणाला.

"अजून एक टाक," तिच्या तोंडून निघून गेलं. चौथं माप अर्ध्यावर आलं तेव्हा डबा काठोकाठ भरला. साडेतीन मापं लागली होती. पोरांत खसखस पिकली. गुंजनच्या पाठीवरून घामाचा एक ओघळ थेट खाली उतरला. मागच्या बाकावर चष्म्याची काच चमकली, म्हणजे मॅडमनी मान वर केली होती.

रजत बिचारा चांगल्या मनाचा पोरगा. तो टेबलाला ओणवा होऊन हळूच म्हणाला, "मॅडम, आपण पुन्हा करू. मी शीग लावून भरतो. तीनात बसते बरोबर."

बाजारात मापाच्या काठावर धान्याचा ढीग चढवतात तशी शीग. सोपं होतं. मागच्या बाकावरून ते दिसलंही नसतं. खोटं कशाला बोला, गुंजनच्या मनातही ते आलं. तिचा हात सूचीकडे गेलासुद्धा. सूत्र खरं आहे, मग थोडी शीग लावली तर काय बिघडतं? वर्ष वाचेल.

"नाई," ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही कळलं नाही. "शीग नाई लावायची. डबा रिकामा कर."

आता पुढे काय? ती टेबलाची कड धरून उभी राहिली. आणि नेमकी तेव्हाच तिसऱ्या बाकावरची वर्षाली उठली. किडकिडीत पोरगी, दोन वेण्या, आणि आवाज मात्र घंटेसारखा.

"मॅडम, पण तीनच काऊन पायजे? साडेतीन काऊन नाई?"

तोच शब्द, फक्त गावाकडचा. गुंजनला वाटलं, आता घसा बंद होणार. ती खाली वाकली, नुसतं तोंड लपवायला, आणि समोर पिशवी दिसली. तिच्या हातांनी पिशवी वर घेतली.

"इकडे ये," ती कशीबशी म्हणाली. "हे जोड."

पिशवीतून तिने पुठ्ठ्याच्या तीन सूची काढल्या, लाल, पिवळी, हिरवी. प्रत्येकीचा तळ बारा बाय बारा, पण टोक मधोमध नव्हतं. ते तळाच्या एका कोपऱ्याच्या बरोबर वर होतं, बारा सेंटिमीटरवर. तिन्ही एकाच मापाच्या. वर्षालीने त्या फिरवून, उलटसुलट करून टोकाला टोक लावलं. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा तिघींचा मिळून एक ठोकळा झाला, कुठे फट नाही, कुठे उरलं नाही.

"कितीचा झाला?" गुंजनने विचारलं.

वर्षालीने पट्टी लावली. "बारा, बारा, बारा. डब्याएवढाच."

"तिघी सारख्या. मग एकीच्या वाट्याला किती?"

"तिसरा हिस्सा," वर्गच बोलला.

"पण ह्या तर वाकड्या हायेत," वर्षाली म्हणाली. "तुमची सूची सरळ हाये. तिचं काय?"

गेल्या वर्षी हा प्रश्न कोणी विचारला असता तर गुंजन पळून गेली असती. आजही भीती तेवढीच होती. पण हात पिशवीत होते आणि हातांना पुढचं माहीत होतं. तिने थर्माकोलच्या बारा चौकोनी चकत्या काढल्या. प्रत्येक एक सेंटिमीटर जाड. सगळ्यांत मोठी बारा बाय बारा, मग अकरा बाय अकरा, असं करत शेवटची एक बाय एक. तिने त्या एकावर एक मधोमध रचल्या. सरळ सूची उभी राहिली, पायऱ्यापायऱ्यांची. मग तिने एकेक चकती ढकलून कोपऱ्याला कोपरा जुळवला. सूची वाकडी झाली, लाल सूचीसारखी.

"थर्माकोल वाढला?"

"नाई."

"कमी झाला?"

"नाई ना. चकत्या त्याच हायेत, फक्त सरकल्या."

"तेच. कोणत्याही उंचीवर काप घ्या. दोघींचा काप सारखाच निघते. टोकापासून अर्ध्यावर घेतला तर बाजू अर्धी, क्षेत्रफळ पाव." ती वऱ्हाडीत बोलू लागली होती हे तिच्या ध्यानात आलं. सावरायला आता वेळ नव्हता. "काप सारखे, तर घनफळ सारखं. वाकडी तिसरा हिस्सा, तर सरळही तिसरा हिस्सा."

"पायऱ्या बाहेर येऊन राह्यल्या पण," वर्षाली हटेना.

"चकत्या पातळ कर. बाराच्या बाराशे कर, कागदावानी. पायऱ्या बारीक होत जातात, होता होता उरतच नाईत. डबा उंच असला तर प्रत्येक काप तेवढ्याच पटीनं जाड कर. तळ त्रिकोणी असला तरी अर्ध्यावर पावच काप येते. हिस्सा बदलत नाई."

वर्षाली खाली बसली. मग पुन्हा उठली. "मंग ज्वारी काऊन खोटी बोलली?"

वर्ग हसला. गुंजनला हसू आलं नाही. तिने ज्वारी मापायची पुठ्ठ्याची सूची उचलून थर्माकोलच्या सूचीशेजारी उभी केली, आणि ती तिथेच थबकली. चकत्यांचं टोक बारावर होतं. पुठ्ठ्याचं टोक त्याच्या खाली होतं, चांगलं दीड सेंटिमीटर खाली.

तिला सगळं एका क्षणात कळलं. त्रिकोण कापताना तिने सपाट पुठ्ठ्यावर त्रिकोणाची उंची बारा मोजली होती. ते बारा तिरक्या बाजूवरचे होते. चारही त्रिकोण आत कलले आणि टोक खाली आलं. उभी उंची तिने मोजलीच नव्हती. वर्षभर अभ्यास करून ती हीच चूक घेऊन परीक्षेला आली होती, आणि परीक्षक समोर बसली होती.

अजूनही गप्प बसता आलं असतं. पुठ्ठा दबला म्हणून सांगता आलं असतं. तिच्या डोळ्यांसमोर तेंदूची पानं आली, बाबाचं पडेल तोंड आलं.

"ज्वारी खरंच बोलली," ती म्हणाली. "चुकली मी. ही सूची बाराची नाई. मी उभ्या उंचीऐवजी तिरकस उंची बारा घेतली." तिने टोकाशेजारी पट्टी उभी धरली. "रजत, वाच."

"दहा आणि वरून चार घरं. दहा पूर्णांक चार दशांश."

"आता डब्यात पुन्हा तीनच मापं टाक. शीग नाई. वरून सपाट कर आणि किती उंच भरलं ते मोज."

हे तिने कुठे वाचलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. ते खरं निघेल की नाही याचा तिला धाक होता. तीन मापं पडली. रजतने ज्वारी सपाट केली आणि पट्टी आत उभी घातली.

"दहा पूर्णांक चार दशांश," रजत म्हणाला. मग त्याने पुन्हा वाकून पाहिलं. "मॅडम, तेवढंच हाये."

"तळ तोच, उंची तीच, मापं तीन," वर्षाली स्वतःशीच पुटपुटली आणि वहीत लिहू लागली.

घंटा झाली. पोरं गेली. काळमेघ मॅडम पुढे आल्या. त्यांनी पुठ्ठ्याची सूची उचलली, टोकावर बोट ठेवलं.

"ही चुकलीय हे कधी कळलं तुम्हाला?"

"आत्ताच, मॅडम. पोरांसमोरच."

"भीती नाही वाटली सांगायला?"

"वाटली ना." गुंजनला नीट भाषा आठवेना. "अजून वाटून राह्यली."

मॅडमनी मूल्यमापनाचा कागद टेबलावर ठेवला आणि सही करून तिच्याकडे फिरवला. गुंजनला आधी अक्षरं दिसेनात. तिने डोळे पुसले आणि एकेक शब्द लावत शेरा वाचला.

'साधन सदोष. कारण बरोबर. उत्तीर्ण.'

मधले दोन शब्द तिने पुन्हा वाचले. मग ती तिसऱ्या बाकावर, वर्षालीच्या जागी, जाऊन बसली.