ठरलं ते ठरलं

सोसायटीच्या ऑफिसातल्या ताईच्या फोनवर सेक्रेटरींचा मेसेज येऊन पडला, आणि तिचा चहा हातातच राहिला. मेसेज कसला, नुसती खिचडी. ‘लिफ्ट, आवाज. टाकी मागच्यासारखीच. वॉचमन, बरीच चर्चा, काका तापले. ठरलं ते ठरलं.’ खाली एवढंच, की या कमिटी मिटिंगचं इतिवृत्त करून संध्याकाळी बोर्डावर लाव.

कोण आले होते? लिहिलेलं नाही. काय ठरलं? तेही नाही. कसं लिहायचं विचारलं, तर म्हणाले, नेहमीसारखं. ताईने जुनी फाईल उघडली. एक इतिवृत्त मुद्देवार, एक पत्रासारखं, आणि एक तर किराण्याच्या बिलामागे. आता यातलं नेहमीचं कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

दाराशी वॉचमनमामा स्टुलावर जरा टेकले होते. आपल्याला काढणार अशी कुणकुण त्यांच्या कानावर आली होती. विचारत काही नव्हते, पण सकाळपासून तोच एक जिना पुन्हापुन्हा झाडत होते.

ताईने फोन फिरवले. खजिनदार म्हणाले, काढायचं ठरलं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, छे, ठेवायचं आणि पगारही वाढवायचा. तापलेले काका म्हणाले, मी तापलोच नव्हतो, आणि हे सांगता सांगता पुन्हा तापले. हजर मात्र, ज्याच्या त्याच्या म्हणण्याप्रमाणे, सगळेच होते, लेकीकडे परगावी गेलेले आजोबासुद्धा. एवढी माणसं खरंच आली असती, तर मिटिंगच्या खोलीच्या भिंती पोट फुगवून रस्त्यावर आल्या असत्या.

‘ठेवावे’ असं लिहून टाकलं तर कोण बघतंय, असंही ताईच्या मनात आलं. बोटं तिथवर गेलीसुद्धा. पण उद्या दुसऱ्या कुणी तशीच बोटं ‘काढावे’वर नेली तर?

तिने कच्चा मसुदा केला. उपस्थित: खात्री व्हायची आहे. लिफ्ट, टाकी, वॉचमन: चर्चा झाली, निर्णयाची नोंद नाही. बोर्डावर न लावता तो सेक्रेटरींना पाठवला, खाली आपले प्रश्न लिहून.

सेक्रेटरींचा लगेच फोन. साधं इतिवृत्त जमत नाही का तुला, म्हणून बराच वेळ फणफणले. मग मध्येच त्यांनी विचारलं,

“काय गं, वॉचमनचं मग ठरलं काय होतं?”

“तेच तर मी विचारतेय, साहेब.”

पलीकडे लांब सुस्कारा. पुन्हा मिटिंग घ्यावी लागणार, आणि या खेपेला तू समोर बसून लिहायचंस, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मामा झाडू घेऊन दारात उभेच होते.

“काही ठरलेलं नाही, मामा. तोवर तुम्ही आहात तसेच आहात.”

मामांनी मान हलवली. जायला वळले, थबकले, पुन्हा मागे आले. सुटलो की अडकलो, ते त्यांनाही उमगलं नव्हतं.

“बाळा, मग त्या मिटिंगच्या खुर्च्या मीच लावायच्या ना?”