नवीन फोटो आला आहे
फ्रेमवाल्या काकांची वेबसाइट उघडायला जावं, तर समोर जुगाराचं पान. गिऱ्हाइकानं दुकानात येऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी साइट दुरुस्त करणाऱ्या बाईला बोलावलं. ही बाई एकटी राहायची, एकटीच काम करायची. कुणाची साइट बिघडली की तिची आठवण यायची, एरवी तिचा फोन आपला मुका.

"पोरी, काय हवं ते कर, पण फ्रेमसाठी फोटो पाठवायचा फॉर्म तेवढा जप," काका म्हणाले. "गिऱ्हाइकं वापरत नाहीत. माझी लेक वापरते."

लेक भांडून परदेशी गेलेली. तिकडून ती त्या फॉर्ममधून फोटो पाठवायची. काका पक्के हट्टी, एकाही फोटोला उत्तर दिलं नाही. पण फॉर्मकडून आपोआप 'नवीन फोटो आला आहे' अशी मेल आली की स्वारी दिवसभर खुशीत. बरेच दिवस फोटो उघडत नव्हते, त्याचं खापर ते जुन्या कॉम्प्युटरवर फोडायचे. मेल येतेय म्हणजे लेकीचा राग निवळलाय, एवढ्यावर त्यांचं भागत होतं.

बाईनं आधी बॅकअप घेतला. मग साइट ज्यावर चालायची त्या वर्डप्रेसच्या फायली मूळ प्रतींशी ताडून बघितल्या आणि बदललेल्या होत्या त्यांच्या जागी मूळ घातल्या. साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमच्या फायलीत अगदी वर कुणीतरी अगम्य अक्षरांची लांबलचक ओळ चिकटवली होती, ती उडवली. काकांच्या बरोबरीनं एक अनोळखी अ‍ॅडमिन ऐटीत बसला होता, त्यालाही हाकललं. पण हे मेले चोर शिरले कुठून? तिनं कोण कधी आलं-गेलं त्याची सर्व्हरवरची नोंद काढली. दर वेळी तोच प्रकार दिसत होता: फॉर्ममधून फाइल यायची आणि लगेच फोटोंच्या फोल्डरमधून ती चालवली जायची. फॉर्म म्हणजे साइटला जोडलेलं एक तयार प्लगइन, बनवणाऱ्यानं ते कधीच वाऱ्यावर सोडलेलं. आलेली फाइल फोटो आहे की प्रोग्राम, हे ते बघतच नव्हतं.

तिनं फोल्डर तारखेनुसार लावलं. लेकीचा शेवटचा फोटो दोन वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतरचं सगळं चोरांचं.

सांगावं की गिळून टाकावं? फॉर्म तर काढावाच लागणार होता. तिनं सांगितलं.

काकांनी काच पुसायचं फडकं खाली ठेवलं. "म्हणजे मी इथे फुगून बसलो, आणि ती तिकडे केव्हाच थकली." मग हळूच म्हणाले, "फॉर्म राहू दे ना गं. चोर तर चोर, मेल तर येईल."

"नाही काका. उद्या परत शिरतील."

तिनं प्लगइन काढलं, चोरांच्या फायली पुसल्या, फोटोंच्या फोल्डरमधून कुठलाही प्रोग्राम चालणार नाही अशी सोय केली. होस्टिंगपासून डेटाबेसपर्यंत सगळे पासवर्ड बदलले, आणि लॉगिनच्या गुप्त किल्ल्याही, म्हणजे आत बसलेला कुणी असला तरी बाहेर फेकला जावा. साइट स्वच्छ झाली. दुकानात मात्र बसवेना.

काकांनी फोन काढला. लेकीचा नंबर होता, त्यांनी तो कधी लावलाच नव्हता.

"तिनं उचलला तर पहिलं काय बोलू?"

बाईला असा फोन लावायलासुद्धा कुणी नव्हतं.

"नुसतं 'बाबा बोलतोय' म्हणा," ती म्हणाली. पलीकडे रिंग वाजू लागली. काम संपलं होतं, तरी ती बॅग मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिली.