घट्ट बुटातले तीन मोजे

कडाक्याच्या थंडीत साखर कारखान्याच्या गेटवर रात्रपाळी करणाऱ्या जोतिबाकाकांना तीन जोड मोजे विकले, तेव्हा तहरीम भलतीच खुशीत होती. उंब्रजच्या बाजारात तिच्या अम्मीचा जुन्या गरम कपड्यांचा गाडा. "नवे बूट कशाला? ह्यातच तिन्ही घाला," ती ठसक्यात म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका लंगडतच आले. "पोरी, बोटं हायत का गेली, कायबी कळंना!"

त्यांनी बूट आणि तिन्ही मोजे काढले. बोटं मेणासारखी पांढरीफटक पडली होती.

काकांनी पाय शेजारच्या चहाच्या स्टोव्हकडे नेला, तशी अम्मी ओरडली, "आवं, नगा! सुन्न पायाला चटका कळत न्हाई!" तिनं घमेल्यात पाणी ओतलं, कोपर बुडवून ते कोमट असल्याची खात्री केली आणि पाय त्यात ठेवले. "बूट घट्ट, त्यात तीन मोजे. रक्त फिरणार कुठून गं?"

हळूहळू बोटं लाल झाली, काका कळवळले.

"दुखतंय न्हवं? मग वाचली," अम्मी म्हणाली.

तहरीमनं एक नंबर मोठे, वापरलेले बूट शोधले, गारठा लागू नये म्हणून आत पुठ्ठा कापून बसवला आणि तिन्ही जोड परत घेऊन त्याच पैशांत बूट आणि लोकरीचा एकच जोड दिला.

"आज इक्री कमी झाली की गं!" काका हसले.

"होऊ द्या," ती म्हणाली. तिनं बुटाची नाडी सैलसरच बांधली.