कावळ्यांची कोशिश

नर्मदाबाईंनी माझ्या एकाही वाक्याला कधी नाही म्हटलं नाही, आणि त्यामुळेच माझी पीएच.डी. बुडायची वेळ आली.

मी परभणीच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर भाषाविज्ञान शिकवते. संशोधनाचा विषय सांगायला लागले की समोरचा घड्याळ बघतो, म्हणून थोडक्यात सांगते. क्रियापदं दोन जातींची असतात. एका जातीला कर्ता मन असलेला लागतो. 'कोशिश करणे' म्हटलं की कोशिश करणारं कुणीतरी हवंच. याला आम्ही कंट्रोल म्हणतो. दुसरी जात कर्त्याकडून काहीच मागत नाही. 'लागणे' घ्या. 'गडी झाड तोडायला लागला' यात गड्याचं नातं तोडण्याशी. 'लागणे' फक्त सुरुवात झाली एवढंच सांगतं. गडी आतल्या क्रियेचा, म्हणजे तोडण्याचा; 'लागणे'च्या पुढे नुसता येऊन बसलेला. हे रेझिंग.

जात ओळखायच्या परीक्षा ठरलेल्या आहेत. इंग्रजीत 'देअर' नावाचा एक रिकामा कर्ता मिळतो. 'देअर सीम्स टू बी अ स्नेक' चालतं, 'देअर वॉन्ट्स टू बी अ स्नेक' चालत नाही, कारण रिकाम्या शब्दाला इच्छा कुठून येणार? आपल्या मराठीत असा फुकटा कर्ता पोसायची पद्धत नाही, म्हणून ती परीक्षा बाद. उरल्या दोन. एक, वाक्य कर्मणी करून बघायचं. 'झाड तोडलं जायला लागलं' म्हटलं तरी घटना तीच राहते. पण 'गडी झाड तोडायची कोशिश करतोय' हे उलटवून 'झाड तोडलं जायची कोशिश करतंय' म्हणून बघा. झाडच बिचारं कुऱ्हाडीखाली जायला धडपडायला लागतं. दुसरी परीक्षा वाक्प्रचाराची. 'पोटात कावळे ओरडायला लागले' यात भूक शाबूत राहते. 'पोटात कावळे ओरडायची कोशिश करतायत' म्हटलं की भूक जाते आणि खरेखुरे कावळे उरतात.

माझा प्रश्न होता आमच्याकडच्या 'बघणे'चा. 'पोरगं पळू बघायलंय' म्हणजे प्रयत्न करतंय. पण 'भिंत पडू बघायलीय' असंही इकडे सगळे म्हणतात, आणि भिंतीला मन नसतं. म्हणजे 'बघणे' जात बदलतंय का? एकट्या भिंतीवर ते सिद्ध होत नाही. वाक्प्रचार टिकला पाहिजे. 'पोटात कावळे ओरडू बघायलेत' याचा अर्थ भूक लागत आलीय असा होत असेल, तर माझं मुख्य प्रकरण उभं राहतं. प्रबंध द्यायची मुदत महिनाअखेरची होती आणि दोनदा वाढवून घेतलेली. आता प्रकरण नाही तर नोंदणीच रद्द.

स्वतःच्या कानावर विसंबायची सोय नव्हती. एकच वाक्य एकटीने शंभरदा उच्चारलं की बरंवाईट काही कळेनासं होतं. हा आमच्या धंद्यातला आजारच आहे. माझ्या खोलीत दुसरं कुणी विचारायला नाही. रविवारी तर दूधवाला सोडला तर माझ्याशी कुणी बोलत नाही. म्हणून माझी विद्यार्थिनी भक्ती हिने तिच्या गावातल्या, पिंगळीच्या नर्मदाबाईंचं नाव सुचवलं, आणि मी दर रविवारी पॅसेंजरने पिंगळीला जायला लागले.

नर्मदाबाईंचे यजमान माणिकराव जाऊन बरीच वर्षं झाली. एक मुलगा पुण्यात, एक हैदराबादला, शेत बटाईने दिलेलं. मी गेले की चहा, मग भाकरी, मग परत चहा. मधूनमधून मी वाक्यं विचारायची आणि त्या "म्हंतेत की!" म्हणायच्या. कावळे ओरडू बघायलेत? म्हंतेत की! मला तर त्यांची पप्पीच घ्यावीशी वाटली होती.

माझ्या गाईडबाईंना तसं काही वाटलं नाही. फोनवर म्हणाल्या, "सगळ्यालाच हो म्हणतात? एकदा उघड चुकीचं वाक्य विचार. त्याला नाही म्हणाल्या, तरच त्यांच्या होला किंमत." हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. पण हवं ते उत्तर ताटात पडल्यावर कोण डाळीत खडा शोधत बसतं?

त्या रविवारी मी पाट ओढून बसले आणि विचारलं, "मावशी, 'पोटात कावळे ओरडायची कोशिश करायलेत' असं म्हणतात का?"

"म्हंतेत की."

"आणि 'झाड तोडलं जायची कोशिश करायलंय'?"

"त्ये बी म्हंतेत."

सगळे रविवार मातीत. मी जरा चिडूनच म्हणाले, "मावशी, कोण म्हणतं? झाड कशी कोशिश करेल?"

त्या चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, "कुनी म्हनत न्हाई."

"मग हो कामून म्हणता?"

"न्हाई म्हनलं की तुझं काम सरंल. काम सरल्यावर तू कशाला येतीस, पोरी? हो म्हनलं की तू आजून एक इचारतीस."

मला राग आला, आणि त्या रागाच्या खालीच भरूनही आलं. एवढ्या दिवसांत मलाही कधी एक वाक्य कमी विचारावंसं वाटलं नव्हतं, हे मला तिथेच कळलं.

"आता खरं सांगा," मी म्हणाले. "माझी परीक्षा आहे. खोटं निघालं तर मी घरी बसेन."

मग मात्र त्या पदर खोचून बसल्या.

"भिंत पडू बघायलीय?"

"म्हंतेत. आमचीच पडू बघायलीय, बग की मागं."

"पोटात कावळे ओरडायलेत?"

"हां. भूक लागल्यावर."

"पोटात कावळे ओरडू बघायलेत?"

"न्हाई. कावळे काय इचार करून ओरडतेत व्हय?"

"झाड तोडलं जाऊ बघायलंय?"

"न्हाई, न्हाई. ह्ये काय बोलनं झालं?"

झालं. भिंत चालते पण कावळे चालत नाहीत, झाड चालत नाही. निदान नर्मदाबाईंच्या बोलण्यात तरी 'बघणे' 'कोशिश करणे' आणि 'लागणे' यांच्या अर्ध्या वाटेवर थांबलेलं होतं. माझा दावा पडला, पण त्याच्या जागी खरं काहीतरी लिहिता येण्यासारखं हाती आलं. आणखी दोघाचौघांना विचारून घेतलं की महिनाअखेरीच्या आत प्रकरण नव्याने लिहून होणार होतं. सगळं विचारून झालं आणि अजून दुसरा चहाही झाला नव्हता. आम्ही दोघी नुसत्या बसलो. वाक्यांशिवाय आम्ही कधी बसलोच नव्हतो.

निघताना त्यांनी भाकरी बांधून दिली. परत कधी येतीस, असं त्यांनी विचारलं नाही. मीही येते म्हणाले नाही. खोटं बोलायची भीती वाटली.

स्टेशनवर गाडीची वाट बघत उभी होते तेव्हा फोन वाजला. नर्मदाबाईंचा. याआधी त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"पोरी, त्ये कावळ्याचं..." त्यांना धाप लागली होती. "ओरडू बघायलेत. आमची सासू म्हनायची बग तसं. आत्ता ध्यानात आलं. म्हंतेत, म्हंतेत."

सासू तसं काही म्हणत नसणार. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही. प्रबंधात ते वाक्य चूक म्हणूनच जाणार होतं आणि पुढे तसंच गेलंही.

"असं होय?" मी म्हणाले. "मग तर सगळंच परत विचारावं लागेल, मावशी. रविवारी येते."