लिटरमागे सहा ग्रॅम

तापातून उठल्यावर मोठीच्या जिभेवरून मीठ गेलं, ते परत आलंच नाही. तिखट लागायचं, म्हणजे नुसतं झोंबायचं. आंबटाची पुसट चाहूल यायची. नाक शाबूत होतं. पण मीठ म्हणून काही उरलं नव्हतं. समुद्र प्यायला दिला असता तरी तिने तो विहिरीचा म्हणून पिऊन टाकला असता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. कधी, ते त्यांना सांगता आलं नाही.

घरात एखादीला मीठ कळेनासं झालं तर चार दिवस थट्टा होते आणि मग मीठ ताटात वाढून घेतात. मोठीची गोष्ट वेगळी होती. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये थंड टेबल तिच्याकडे होतं: कापलेली फळं, सॅलड आणि मुख्य म्हणजे ताक. बावीस वर्षं. दाराशेजारच्या फळ्यावर रोज तीन रकाने भरायचे, पदार्थ, वेळ आणि चव पाहणाऱ्याचं नाव. ज्याच्याकडे चार्ज, त्यानेच चाखायचं, असा साहेबांचा नियम. साहेब म्हणजे कॅन्टीनचे मॅनेजर. ज्याला चव कळत नाही त्याला ते भांडी धुण्याकडे पाठवत. दोन वर्षांपूर्वी चपात्यांवरच्या बाईंना त्यांनी असंच, काही न बोलता, तिकडे पाठवलं होतं.

म्हणून मोठीने सांगून टाकलं, "मी मीठ सोडलंय. नेम धरलाय."

नेमाला कुणी कारण विचारत नाही. साहेबांनीही मान डोलावली आणि म्हणाले, "मग तोवर तुमच्या जाऊबाई चाखतील, पण नाव तुमचंच. जबाबदारी तुमची."

धाकटी जाऊ त्याच टेबलाशी तिच्या हाताखाली काम करत होती. ती वाटीत घोटभर ताक घेऊन चाखायची, "बरोबर" म्हणायची, आणि मोठी फळ्यावर आपलं नाव लिहायची. मोठी खरोखरीची नेमाची बाई. सकाळी दिवा लावल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायची नाही. हल्ली तिला दिव्यासमोर उभं राहिलं की वात पुढे सारून लगेच मागे वळावंसं वाटायचं. पण ती गोष्ट तिने स्वतःपाशीही फारशी उकरली नव्हती.

जिभेची जागा तिने तराजूला दिली. एका रविवारी घरी एक किलो दही घेतलं, तिप्पट पाणी घातलं आणि मुलीला समोर बसवून चिमटीचिमटीने मीठ वाढवत नेलं. मुलगी "आता छान" म्हणाली तेव्हा चोवीस ग्रॅम झालं होतं. मग जिरेपूड, आलं, मिरची. सगळं तिने एका कागदावर उतरवलं:

दही एक किलो. मीठ चोवीस ग्रॅम, भाजलेल्या जिऱ्याची पूड सहा, आलं बारा, हिरवी मिरची चार.

कागद ब्लाउजमध्ये आणि हात तराजूवर, असे तीन आठवडे गेले. कुणाला काही कळलं नाही. उलट आचारी एकदा म्हणाला, "वहिनी, तुमचं ताक हल्ली रोज एकसारखं लागतं. आधी तुमच्या मूडप्रमाणे लागायचं."

मग चारशे माणसांचं जेवण आलं. कारखान्यातले सगळ्यात जुने फोरमन निवृत्त होणार होते आणि त्यांच्या मानाचं जेवण मोठ्या हॉलमध्ये ठरलं. माणशी एक पेला म्हणजे ऐंशी लिटर. उन्हाचे दिवस, दुसऱ्यांदा मागणारे निघणारच, म्हणून शंभर लिटर. पंचवीस किलो दही आणि पंच्याहत्तर लिटर पाणी. त्या पाण्यात वीस किलो बर्फ आला. बर्फ पाण्यातच मोजायचा, वरून टाकायचा नाही, हे मोठी प्रत्येक नव्या बाईला पहिल्याच दिवशी शिकवायची. विरघळतो आणि ताक पातळ करून मोकळा होतो.

सकाळी आठला तिने कागदावरच्या आकड्यांना पंचविसाने गुणलं. मीठ सहाशे ग्रॅम. जिरेपूड दीडशे. आलं तीनशे. मिरची शंभर. सगळं मोजून चार वाडग्यांत झाकून ठेवलं, हिंगाची डबी बाजूला ठेवली आणि दह्याची वाट बघत बसली.

दही दहाला यायचं ते साडेअकराला आलं. गाडी वाटेत बंद पडली होती. झाकण उघडताच धाकटी म्हणाली, "ताई, हे बघ."

बघायची गरज नव्हती. वास नाकात शिरला होता. दह्यावर बोटभर हिरवट पाणी सुटलं होतं.

"आंबटलंय," मोठी म्हणाली.

"परत पाठवायचं?"

"आणि लोकांना काय, गाडीवाल्याची माफी पेल्यात घालून द्यायची? वाया गेलेलं नाही, नुसतं आंबट आहे. पाणी वाढव. तिपटीऐवजी चौपट."

"म्हणजे शंभर लिटर पाणी."

"बर्फ धरून शंभर. ऐंशी पाणी, वीस बर्फ. पाण्याचं पिंप भर आणि बर्फ आत्ताच टाक, विरघळायला वेळ लागेल."

हा निर्णय चुकीचा नव्हता. आंबट दह्याला पाणी जास्तच लागतं. सव्वाशे लिटर ताक होणार होतं, आणि उन्हाळ्यात ते संपणारही होतं. मोठीला स्वतःचंच कौतुक वाटलं. नाकाने निभावलं म्हणायचं.

दही आधी कोरडंच घुसळलं, गुठळी राहू नये म्हणून, मग पाणी थोडं थोडं ओतत गेल्या. मोठीने आलं-मिरची वाटून घातली, पूड घातली, चिमूटभर हिंग, कोथिंबीर. मीठ एका पातेलीभर ताकात विरघळवून मग पिंपात. दांडा फिरवता फिरवता तिने बोट बुडवून जिभेला लावलं. मिरची झोंबायला हवी तेवढी झोंबली नाही. जीभच मेली, तिला काय कळणार, असं म्हणून तिने बोट पदराला पुसलं.

"चाख गं."

धाकटीने वाटीत घोटभर घेतलं. गिळलं. एरवी ती लगेच "बरोबर" म्हणायची. आज तिने आणखी एक घोट घेतला.

"ताई, पचपचीत आहे."

"काय कमी?"

"मीठ कमी. सगळंच कमी, पण मीठ जास्त कमी."

सव्वाबारा झाले होते. पावणेएकला पंगत. मोठीने हात कमरेवर ठेवले.

"मी मोजून घातलंय."

"असेल. पण लागत नाही."

आता सांगायला हवं की धाकटीने वर्षभरापूर्वी साहेबांकडे स्वतः चार्ज मागितला होता. मोठीला ते आचाऱ्याकडून कळलं. घरात त्यावर कुणी बोललं नाही. पण तेव्हापासून मोठी भाजीची वाटी धाकटीच्या पानापासून जरा दूर ठेवायची. आणि आज मोठीच्या मनात पहिला विचार हाच आला: ही मला खारट ताक करायला लावतेय. आज कारखान्याचे मॅनेजर, डायरेक्टर, सगळे जेवणार. चारशे तोंडं वाकडी झाली की काम फत्ते.

दुसरं कुणी चाखलं असतं तर निकाल लागला असता. पण मीठ सोडलेल्या बाईने आचाऱ्याला "जरा बघा हो" म्हणणं आणि धाकटीच्या चवीवर भरवसा नाही असं दाखवणं, एकच झालं असतं. मग आचाऱ्याने विचारलं असतं, का. त्याला विचारायची खोड होतीच.

"किती घालू म्हणतेस?" तिने विचारलं, नुसतं अजमावायला.

"ते मला कसं कळणार? तुझा तराजू आहे. मला एवढंच कळतं की हे अळणी आहे."

मोठीने पाठ वळवली, कागद काढला आणि कोपऱ्यातल्या ओट्याशी जाऊन वाचला. दही एक किलो, मीठ चोवीस ग्रॅम. पंचवीस किलो, सहाशे. बरोबर. पुन्हा वाचलं. आकडे तेच होते. ती कागदाकडे बघत राहिली आणि मग तिला त्यात काय नाही ते दिसलं. पाणी नव्हतं. त्या रविवारी तिप्पटच पाणी होतं, म्हणून ते लिहायची गरज वाटली नव्हती. चोवीस ग्रॅम एक किलो दह्याला नव्हतेच. ते चार लिटर ताकाला होते. लिटरमागे सहा. दही तेच राहिलं, ताक मात्र पंचवीस लिटरने वाढलं, आणि त्या पंचवीस लिटरांच्या वाटणीला मीठ आलंच नाही.

जिभेवर चालणारी बाई ही चूक करूच शकली नसती. पहिल्या घोटाला कळलं असतं.

पंचवीस गुणिले सहा. दीडशे.

ती परत आली. मीठ दीडशे ग्रॅम मोजलं, जिरेपूड चाळीस, आलं पंच्याहत्तर, मिरची पंचवीस. सगळं पातेलीभर ताकात कालवून पिंपात ओतलं आणि दांडा स्वतः फिरवला, खालपर्यंत. धाकटीने चाखलं.

"आता बरोबर."

"खारट नाही ना?"

"नाही गं. बरोबर म्हटलं ना." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं तू ऐकशीलच नाहीस. मी नुसतं बरोबर म्हणून गप्प बसणार होते."

"मग?"

"मग काय. चारशे लोकांनी काय पाप केलंय."

साहेब आले. त्यांनी पेला भरून घेतला, प्यायले, मान डोलावली. फळ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "लिहा नाव."

मोठीने खडू उचलला. पदार्थ लिहिला, वेळ लिहिली, आणि तिसऱ्या रकान्यात धाकटीचं नाव लिहिलं.

"चार्ज तुमचा आहे," साहेब म्हणाले.

"चाखलं हिने. मला मीठ कळत नाही साहेब. तापानंतर गेलंय. नेमबिम काही नाही, ते मी खोटं सांगितलं."

साहेबांनी पेला खाली ठेवला. रागावले नाहीत, हळहळलेही नाहीत.

"किती दिवस?"

"तीन आठवडे."

"आणि तीन आठवडे ताक कसं झालं?"

"मोजून."

साहेबांनी पिंपातला दांडा एकदा खालून वर फिरवून पाहिला. हॉलमधून खुर्च्या ओढल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, "भांड्यांकडे नाही पाठवत. पण चार्ज राहणार नाही. चार्ज चाखणाऱ्याकडे." आणि जेवायला निघून गेले.

धाकटीने नको म्हटलं नाही. मोठीनेही ते अपेक्षिलं नव्हतं. तिच्या जागी असती तर तीही म्हणाली नसती. दोघींनी मिळून चाकांच्या गाडीवरचं पिंप हॉलमध्ये ढकलत नेलं. अडीचपर्यंत तळ दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीने दिवा लावला आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ तिथे उभी राहिली. कॅन्टीनमध्ये पाच किलो दही वेळेवर आलं होतं, गोड, घट्ट. धाकटी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, मोठीच्या जागी उभी होती. तिथे उभं राहायची सवय नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं.

"ताई, मीठ किती काढतेस?"

"पाणी किती घालणार?"

धाकटीने दही चाखलं, मग पातेल्यावर वाकून वासही घेतला.

"तिप्पट."

"मग वीस लिटर," मोठी म्हणाली आणि तराजूवर एकशे वीस ग्रॅम मोजू लागली.